एमआरआयमध्ये मेंदूत 'कडं' दिसलं: पू, ट्यूमर की जंत-टीबी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकमध्ये एमआरआय वाचणारा रेडिओलॉजिस्ट आहे. रिपोर्ट हातात पडला की नातेवाईक आधी त्याचा फोटो काढतात, मग 'रिंग' या शब्दाभोवती लाल गोल करून तो फोटो ओळखीच्या डॉक्टरांना पाठवतात. असे लाल गोल मला आठवड्याला दोन-तीन तरी येतात. निफाड, सिन्नर, मालेगाव, सुरगाणा, गाव कुठलंही असो, प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. पुनरुक्ती नको म्हणून जिथे उत्तर आधी येऊन गेलंय तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. कोणती गोळी किती घ्यायची, हे इथे शोधू नका. ते पेशंटला समोर बसवून तपासणाराच ठरवेल.

1. रिपोर्टमध्ये 'रिंग एनहान्सिंग लिजन' असं लिहिलंय. हा कुठला आजार?

हे आजाराचं नाव नाही, चित्राचं वर्णन आहे. हातातल्या कड्यासारखी चकाकणारी कड आणि मध्ये काळोख असा डाग मेंदूत दिसला, एवढंच ते सांगतं.

कडं का दिसतं? एमआरआयच्या वेळी हाताच्या शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देतात. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती फार घट्ट असतात, त्यामुळे निरोगी मेंदूत हे औषध बाहेर झिरपत नाही. जिथे सूज, जंतू किंवा ट्यूमरमुळे त्या भिंती गळक्या झाल्या असतील, तिथे ते बाहेर येतं आणि ती जागा पांढरी चमकते. डागाच्या मध्यभागी पू असेल, सडलेला भाग असेल किंवा पाणी असेल, तर तिथे जिवंत रक्तवाहिन्याच नसतात. औषध पोचत नाही आणि मधला भाग काळा राहतो. म्हणजे कडेला जिवंत, गळका भाग आणि मध्ये मेलेला किंवा द्रव भाग. असं ज्या ज्या आजारात घडतं, त्या सगळ्यांत कडं दिसतं.

2. म्हणजे कॅन्सरच ना? खरं काय ते सांगा.

नाही, 'कॅन्सरच' असं नाही. तिशीच्या आतला माणूस, आयुष्यातली पहिली फिट, एकच छोटं कडं आणि बाकी तब्येत ठणठणीत, असं असेल तर आपल्याकडे आधी जंताची अळी आणि मग टीबीची गाठ मनात येते. साठीच्या पुढचा माणूस, विडी-सिगारेटची जुनी सवय, वजन घटलेलं आणि दोन-तीन कडी, असं असेल तर दुसरीकडून पसरलेला कॅन्सर आधी शोधावा लागतो. जाड, खडबडीत भिंतीचं एकच मोठं कडं मेंदूच्या एका बाजूकडून मधल्या पुलावरून दुसऱ्या बाजूला सरकत असेल, तर मेंदूतूनच उगवलेला ट्यूमर, म्हणजे ग्लायोब्लास्टोमा, हा संशय बळावतो. वय आणि कहाणी कळल्याशिवाय फक्त चित्रावरून बोलणारा माणूस अंदाज करतोय, असं समजा.

3. आधी साधा एमआरआय झालाय. आता पुन्हा सुई देऊन करायला सांगतात. गरज आहे का? किडनीला धोका?

गरज आहे. सुईशिवाय कडं दिसतच नाही, सूज तेवढी दिसते. किडनी नीट असेल तर या औषधाची भीती बाळगू नका. हे सीटी स्कॅनचं आयोडीनवालं औषध नव्हे. किडनी खूपच खराब असेल, डायलिसिस चालू असेल किंवा दिवस गेले असतील, तर सुई टोचायच्या आधी सांगा. क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट सोबत आणलात तर केंद्रावरचा तासभर वाचतो.

4. बाहेरून कडं सारखंच, मग आत पू आहे की ट्यूमर हे एमआरआयला कळतं कसं?

सगळ्या विषयाचं मर्म या प्रश्नात आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो. लोक कडं बघतात. आम्ही कड्याच्या आत बघतो.

घरी दही बांधून चक्का करता, तेव्हा खाली भांड्यात पिवळसर पाणी साठतं. चक्का बोटाने दाबला तरी जागचा हलत नाही, पाणी मात्र भांडं जरा कललं की पळतं. पू चक्क्यासारखा असतो. पांढऱ्या पेशी, मेलेले जंतू आणि प्रथिनं यांनी तो इतका दाट झालेला असतो की त्यातल्या पाण्याच्या रेणूंना हलायला जागा उरत नाही. ट्यूमर वाढता वाढता मधोमध सडतो, तिथे साठतं ते चक्क्याखालच्या पाण्यासारखं पातळ असतं आणि त्यातले रेणू मोकळे फिरतात.

पाण्याचे रेणू किती मोकळे हलतात हे मोजणारी एमआरआयची एक तपासणी आहे. तिला डिफ्यूजन म्हणतात. तिच्यातून दोन चित्रं निघतात. पहिल्यात अडकलेलं पाणी पांढरं दिसतं. दुसरं एडीसीचं चित्र, त्यात तीच जागा काळी दिसली पाहिजे. कड्याच्या आतला भाग पहिल्या चित्रात लख्ख पांढरा आणि दुसऱ्यात काळा असेल, तर आत पू असण्याची शक्यता फार मोठी. उलट असेल, म्हणजे पहिल्यात काळा आणि दुसऱ्यात पांढरा, तर ट्यूमरचा सडका गाभा असण्याची शक्यता जास्त.

एडीसीचा आकडाही काढता येतो. निरोगी मेंदूचा तो साधारण 0.8 च्या आसपास येतो आणि मेंदूतल्या पाण्याचा 3 च्या आसपास. (एकक असतं चौरस मिलीमीटर प्रतिसेकंदाचा हजारावा भाग, ते विसरलात तरी चालेल.) पुवाचा आकडा बहुतेक 0.4 ते 0.7 मध्ये असतो, ट्यूमरच्या पोकळीचा बहुतेक 1.5 च्या वर. मधल्या आकड्यांत घोटाळा होतो, त्याबद्दल प्रश्न 6 आणि 10 बघा.

कड्याची भिंतही थोडं बोलते. पुवाची भिंत आतून गुळगुळीत असते आणि मेंदूच्या आतल्या, पाण्याच्या पोकळीकडच्या बाजूला पातळ होत जाते, कारण तिथे रक्तपुरवठा कमी असतो. ट्यूमरची भिंत कुठे जाड, कुठे गुठळ्यांची, आतून खरबरीत. पण भिंत फसवते, आतला द्रव त्या मानाने कमी फसवतो.

5. एकाने ट्यूमर सांगितला, दुसऱ्याने पू. खरं कोण?

अशी एक केस सांगतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

निफाडकडचा अडतीस वर्षांचा ट्रॅक्टरचालक. तीन आठवडे डोकं दुखत होतं आणि बायकोच्या लक्षात आलं की त्याला शब्द सापडत नाहीत. किल्ली दाखवली तर म्हणायचा, "ते... कुलपाचं." ताप नव्हता. पांढऱ्या पेशी 9,800, म्हणजे नॉर्मल. एका केंद्रावर एमआरआय झाला. डाव्या कानामागच्या भागात साडेतीन सेंटिमीटरचं कडं, भोवती भरपूर सूज, आणि रिपोर्टमध्ये 'हाय ग्रेड ग्लायोमा'. घरात रडारड सुरू झाली. मुंबईला न्यायचं ठरलं.

मेहुणा माझ्याकडे फिल्म घेऊन आला. फिल्मवर डिफ्यूजनची चित्रं छापलेलीच नव्हती. छापताना जागा पुरत नाही म्हणून ती गाळण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे आणि मला ती अजिबात पटत नाही. त्याला म्हटलं, सीडी आण. सीडी उघडल्यावर डावीकडच्या यादीत DWI आणि ADC अशी नावं असलेल्या मालिका होत्या. कड्याच्या आतला सगळा भाग पहिल्यात पांढरा, दुसऱ्यात काळा. आकडा 0.52. भिंत गुळगुळीत आणि आतल्या बाजूला पातळ.

मग मी त्याच चित्रांत खाली सरकलो. डाव्या कानामागचं मधमाशीच्या पोळ्यासारखं हाड द्रवाने भरलेलं होतं. मेहुण्याला विचारलं, "कान वाहतो का यांचा?" तो म्हणाला, "तो तर लहानपणापासूनच फुटतो, त्याचं काय?" त्याचंच सगळं होतं. मधल्या कानाच्या छताचं हाड कुरतडलं की जंतू थेट वरच्या टेम्पोरल भागात किंवा मागच्या लहान मेंदूत शिरतात. म्हणून या दोन जागी पू दिसला की आधी कान बघायचा, आणि कपाळामागे दिसला की सायनस.

न्यूरोसर्जननी कवटीला छोटं भोक पाडून सुईने सुमारे 14 मिली पू काढला. थिएटरभर घाण वास सुटला होता, म्हणजे हवेशिवाय वाढणारे जंतूही त्यात होते. कल्चरमध्ये प्रोटियस वाढला. सहा आठवडे शिरेतून अँटिबायोटिक्स दिली आणि नंतर कानाचं ऑपरेशन झालं, कारण मूळ तिथेच होतं. दोन महिन्यांनी तो किल्लीला किल्ली म्हणत होता. एमआरआयमध्ये मात्र बारीक कडं पुढे कितीतरी महिने दिसत राहिलं. तसं होणारच असतं. ते बघून घाबरून औषध वाढवायचं नसतं.

पहिला रिपोर्ट लिहिणाऱ्याला मी दोष देणार नाही. कहाणीच्या रकान्यात फक्त 'डोकेदुखी' लिहिलं होतं. कानाबद्दल त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

6. म्हणजे डिफ्यूजनवर पांढरं दिसलं की पू, असं पक्कं धरायचं?

नाही. मी एकदा तसं धरलं आणि चुकलो. एकसष्ट वर्षांचे गृहस्थ, कड्याच्या आत पांढरं, एडीसीवर काळं. मी ठामपणे 'अ‍ॅब्सेस' लिहिलं. निघाला फुप्फुसातून पसरलेला कॅन्सर, ज्याच्या आत रक्तस्राव झाला होता. रक्तही डिफ्यूजनचं चित्र बिघडवतं. सुई देण्याआधीच्या साध्या टी-वन चित्रात तो भाग आधीच पांढरा होता. तेवढं बघितलं असतं तर रक्त आहे हे कळलं असतं. तेव्हापासून ते चित्र आधी बघतो.

दुसरी गफलत अशी की फक्त पहिलं चित्र बघून 'पांढरं आहे' म्हणणं. नुसतं पाणी जास्त असलं तरी तिथे पांढरी झाक येते. दुसऱ्या चित्रात काळं असल्याशिवाय पाणी खरोखर अडकलंय असं म्हणता येत नाही. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एकच फोटो पाठवून 'पू आहे का' विचारू नका.

7. पण ताप नाही, रक्तात काही नाही. तरी पू असेल?

असू शकतो, प्रश्न 5 मधल्या माणसाचंच बघा. ताप, डोकेदुखी आणि हातापायाची किंवा बोलण्याची कमजोरी ही तिन्ही एकत्र असणारे पेशंट थोडेच. पू जाड पिशवीत कोंडलेला असतो, तो रक्ताला पत्ता लागू देत नाही. रक्तातली सूज दाखवणारा सीआरपी वाढलेला असेल तर मदत होते, नॉर्मल असेल तर पू नाही असं ठरत नाही.

धोक्याची खूण वेगळी आहे. बरा वाटणारा माणूस अचानक झोपाळू झाला, डोकेदुखी एकदम भडकली, मान आखडली, उलट्या सुरू झाल्या, तर पू आतल्या पाण्याच्या पोकळीत फुटला असण्याची शक्यता असते. तेव्हा दुसरं मत घेत बसू नका. न्यूरोसर्जन असलेल्या दवाखान्यात तडक न्या, मग रात्रीचे दोन वाजले असले तरी.

8. आमचं घर माळकरी आहे, मांस शिवतही नाही. मुलाच्या मेंदूत जंत कसा गेला?

हा प्रश्न लोक रागाने विचारतात, जणू आम्ही घराण्यावर आरोप केलाय. गैरसमज असा की हा जंत डुकराचं मांस खाल्ल्याने मेंदूत जातो. कच्चं राहिलेलं मांस खाणाऱ्याच्या आतड्यात लांब पट्टकृमी होतो, मेंदूत नाही. त्या माणसाच्या शौचातून अंडी बाहेर पडतात. ती हाताला, पाण्याला, भाजीला लागतात आणि दुसऱ्या कुणाच्या पोटात जातात. पोटात अंड्यातून अळी निघते आणि रक्तातून मेंदूत पोचते. म्हणजे मांस एकाने खाल्लं आणि फिट दुसऱ्याला आली. कच्ची कोथिंबीर, मेथीचा घोळाणा, गाडीवरची चटणी, स्वयंपाक करणाऱ्याचे न धुतलेले हात, वाटा भरपूर आहेत. अळी वर्षानुवर्षं गप्प राहते. ती मरायला लागली की शरीराला तिचा पत्ता लागतो, भोवती सूज येते, कडं उमटतं आणि पहिली फिट येते.

एक कळकळीची विनंती. रिपोर्टमध्ये 'सिस्टिसर्कस' वाचून मेडिकलमधून जंताची गोळी आणून देऊ नका. अळी एकदम मारली की सूज वाढून फिट येऊ शकतात, म्हणून हे औषध सूज उतरवणाऱ्या औषधाच्या जोडीने देतात. आणि देण्याआधी डोळ्याच्या डॉक्टरांकडून पडदा तपासून घेतात, कारण डोळ्यात अळी असेल आणि ती तिथेच मेली तर दृष्टी जाऊ शकते.

9. जंत आहे की टीबी, हे कसं ठरवतात? दोन्हीच्या औषधांत फार फरक आहे म्हणतात.

फरक फारच मोठा आहे. जंताच्या औषधाचा कोर्स दहा-चौदा दिवसांचा, टीबीचा साधारण वर्षभराचा, तोही यकृतावर लक्ष ठेवून. एक काळ असा होता की फिट आली, छोटं कडं दिसलं, की सरसकट टीबीचं औषध सुरू व्हायचं. 1980 च्या दशकाच्या शेवटी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधल्या चांडी आणि राजशेखर यांनी असे डाग काढून तपासले, तेव्हा बरेचसे जंताच्या अळीचे निघाले. त्यातून आलेले निकष आजही वापरतात. एकच कडं, आकार 20 मिलीमीटरपर्यंत, मेंदूची मधली रेषा सरकवेल इतकी सूज नाही, हातापायाची वाढत जाणारी कमजोरी नाही, डोक्यातला दाब सतत वाढलेला नाही आणि शरीरात दुसरीकडे आजाराची खूण नाही. हे सगळं जुळलं तर जंत.

चित्रातला पक्का पुरावा म्हणजे अळीचं डोकं. कड्याच्या आत एका बाजूला चिकटलेला, मोहरीच्या दाण्याएवढा ठिपका. पातळ कापांच्या खास मालिकेत तो छान दिसतो, जाड कापांत दोन कापांच्या मधे हरवतो. तो दिसला की वाद संपला.

टीबीची गाठ बहुतेक 20 मिलीमीटरहून मोठी असते, कड ओबडधोबड, बऱ्याचदा दोन-तीन कडी एकमेकांना चिकटलेली. तिच्या आतला मसाला खव्यासारखा घट्ट असेल तर टी-टू चित्रात तो काळा दिसतो. पू, अळीचं पाणी आणि ट्यूमरची पोकळी तिथे पांढरी दिसते, म्हणून हे काळेपण फार उपयोगी. सोबत छातीचा एक्स-रे किंवा सीटी, मानेच्या गाठी आणि घरात कुणाला टीबी होता का, हे बघायचंच. मेंदूला हात लावण्यापेक्षा मानेतल्या गाठीत सुई घालणं केव्हाही सोपं.

10. टीबीची गाठ पुवासारखी दिसू शकते का?

दिसते, आणि सगळ्यांत जास्त गोंधळ इथेच होतो. आतला खवा वितळून पातळ झाला की टी-टूवरचा काळा रंग जातो आणि डिफ्यूजनवर पुवासारखं पांढरं येऊ शकतं. टीबीचा खराखुरा पूही होतो. अशा वेळी चित्रावरून 'साधा पू की टीबीचा' हे सांगणं मला प्रामाणिकपणे जमत नाही. पू काढून तपासावाच लागतो.

उलटही होतं. दोन-तीन आठवडे अँटिबायोटिक्स घेतलेल्या पेशंटचा पू पातळ होतो आणि डिफ्यूजनचा पांढरेपणा ओसरतो. ज्याला कुठे कुठे औषध मिळालंय त्याचा एमआरआय ट्यूमरसारखा भासू शकतो. म्हणून आधीची औषधं तारखांसकट सांगा. आणि अनियंत्रित शुगर असेल किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील तर बुरशी विसरायची नाही. तिच्यात भिंतीतून आत घुसलेली बोटं पांढरी दिसतात आणि मधला गाभा मात्र पांढरा नसतो.

11. स्पेक्ट्रोस्कोपी आणि परफ्युजन करायला सांगितलंय. पैसे वाया जाणार नाहीत ना?

प्रश्न 4 मधल्या तपासणीने निकाल लागला असेल तर वाया जातील. लागला नसेल तर नाही. परफ्युजन कड्याच्या भिंतीत किती रक्त खेळतंय ते मोजतं. ग्लायोब्लास्टोमाच्या भिंतीत ते भरपूर, पुवाच्या भिंतीत कमी. स्पेक्ट्रोस्कोपीत आतल्या रसायनांची शिखरं दिसतात. अमिनो आम्लांचं आणि अ‍ॅसिटेटचं शिखर दिसलं तर पुवाकडे झुकायचं, भिंतीत कोलीन फार उंच असेल तर ट्यूमरकडे. चरबीचं शिखर टीबीत असतं, पण सडलेल्या ट्यूमरमध्येही असतं. 'लिपिड पीक आहे म्हणून टीबी' असा रिपोर्ट आला तर मी तरी त्यावर वर्षभराचं औषध सुरू करू देणार नाही. आणि कडं सेंटिमीटरभराचंच असेल किंवा कवटीच्या हाडाला टेकलेलं असेल तर स्पेक्ट्रोस्कोपी नुसता गोंगाट देते.

12. पाठीतून पाणी काढून तपासलं की कळणार नाही?

मोठं कडं आणि भोवती सूज असेल तर पाठीतून पाणी काढत नाहीत. खालचा दाब अचानक उतरला की मेंदू खाली सरकून जीव जाऊ शकतो. शिवाय पू पिशवीत कोंडलेला असताना त्या पाण्यात जंतू क्वचितच सापडतात.

13. सूज फार आहे, तर स्टिरॉइड लगेच का देत नाहीत? शेजारच्यांना तर त्यानेच आराम पडला.

जीवाला धोका असेल तर देतात, थांबत नाहीत. एरवी थांबण्याचं कारण लिम्फोमा नावाचा ट्यूमर. स्टिरॉइड दिलं की तो काही दिवसांत विरघळून चित्रातून गायब होतो. मग बायोप्सीत काहीच सापडत नाही, सगळे खूश होतात आणि काही महिन्यांनी तो परत येतो. पुवातही स्टिरॉइडने भोवतीची भिंत नीट बनत नाही. तेव्हा नमुना घ्यायचं ठरत असेल, तर गावच्या डॉक्टरांनी 'डोकं उतरेल' म्हणून दिलेलं इंजेक्शन आधी सांगा. हे लपवलं की महिने वाया जातात.

14. पेशंट एचआयव्ही पॉझिटिव्ह आहे. गणित बदलतं का?

पूर्ण बदलतं. प्रतिकारशक्ती किती उरलीय ते सांगणारा सीडी-फोरचा आकडा 100 च्या खाली असेल आणि मेंदूच्या खोल भागात अनेक कडी असतील, तर टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा संसर्ग आधी धरतात. बायोप्सी न करता त्याचं औषध सुरू करून साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा एमआरआय करतात. कडी लहान झाली तर निदान बरोबर. झाली नाहीत तर लिम्फोमा किंवा टीबी शोधायला नमुना घ्यावा लागतो. त्या दोन आठवड्यांत स्टिरॉइड दिलं असेल तर सुधारणा नेमकी कशाने झाली हे कळत नाही, प्रश्न 13 पाहा.

15. रिपोर्टमध्ये 'इनकम्प्लीट रिंग' लिहिलंय. अर्धवट कडं म्हणजे काय?

कडं एका बाजूला उघडं आहे, घोड्याच्या नालासारखं. उघडी बाजू मेंदूच्या करड्या सालीकडे असेल आणि डाग मोठा असूनही भोवती दाब कमी असेल, तर नसांचं आवरण झिजवणारा आजार असू शकतो. हा ट्यूमर समजून ऑपरेशन झालेल्या केसेस जगभरात आहेत. अर्धवट कडं दिसलं की बायोप्सीआधी न्यूरोलॉजिस्टना दाखवा.

16. शेवटी बायोप्सी ठरली. नातेवाईक म्हणून आम्ही काय बघायचं?

एकच गोष्ट, बाटल्या. आपल्याकडे नमुन्याची बाटली बऱ्याचदा नातेवाइकाच्याच हातात देतात आणि तो ती पिशवीत घालून दुचाकीवरून लॅबला नेतो. सगळा नमुना फॉर्मलिनच्या एकाच बाटलीत गेला तर कॅन्सरची तपासणी होईल, पण फॉर्मलिनने जंतू मरतात. मग कल्चर होत नाही आणि उरतो तो रिपोर्ट असा: 'सूज दिसते, कारण सांगता येत नाही.' माणसाच्या मेंदूतून काढलेला तुकडा, दुसऱ्यांदा कुठून आणणार?

म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सर्जनना विचारा, "दोन भाग करणार ना, डॉक्टर?" एक फॉर्मलिनमध्ये आणि एक निर्जंतुक बाटलीत, फॉर्मलिनशिवाय. दुसऱ्यातून साधं कल्चर, टीबीची सीबीनॅट आणि कल्चर, आणि बुरशी, हे सगळं मागवायचं. पू असेल तर हवा काढून टोपण लावलेल्या सिरिंजमध्येच लगेच लॅबला द्यायचा, फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. हा प्रश्न विचारल्याचा राग मानणारा सर्जन मला अजून भेटलेला नाही.

17. टीबीचं औषध सुरू होऊन दोन महिने झाले आणि कडं मोठं झालं! निदान चुकलं का?

लगेच तसं समजू नका. औषधाने जंतू मरू लागले की शरीराची प्रतिक्रिया उसळते आणि पहिल्या काही महिन्यांत गाठ मोठी होऊ शकते, नवी कडीही दिसू शकतात. याला उलटी प्रतिक्रिया म्हणतात. तेव्हा टीबीचं औषध थांबवत नाहीत, सूज उतरवायला स्टिरॉइड वाढवतात किंवा पुन्हा सुरू करतात.

पण हे नाव देण्याआधी तीन गोष्टी तपासायच्या असतात. गोळ्या रोज, वजनाप्रमाणे, खरंच पोटात जातायत का? नमुना घेतला असेल तर सीबीनॅटमध्ये रिफाम्पिसिनला दाद न देणारा टीबी तर नव्हता? आणि निदान नमुन्यावर झालं होतं की नुसत्या चित्रावर? चित्रावरच झालं असेल आणि कडं वाढतच असेल, तर नमुना घ्यायची वेळ आली आहे. विशेषतः भिंत जाड होत असेल आणि परफ्युजनमध्ये रक्त वाढलेलं असेल तर.

तुलना करताना जुनी सीडी आणाच, जुना रिपोर्ट पुरत नाही. मागच्या वेळी आडव्या कापात मोजलं आणि या वेळी उभ्या कापात, तर 18 चे 22 मिलीमीटर नुसत्या मोजणीनेही होतात. गेल्याच महिन्यात मालेगावहून एक बाई अशा 'वाढलेल्या' गाठीच्या धास्तीने आल्या होत्या. दोन्ही सीडी शेजारी लावून एकाच कापात मोजलं. गाठ 2 मिलीमीटरने लहान झाली होती.